न पाहिलेल्या माणसासाठी दोन ओळी

गावात कुणी गेलं की काय करायचं ते आपल्याला ठाऊक असतं. भेटायला जायचं, थोडा वेळ नुसतं बसायचं, त्या घरी पिठलं-भात पोचवायचा, दहाव्याला हजर राहायचं. फारसं बोलावंही लागत नाही. पण मैत्रीण परदेशात असली आणि तिच्या नवऱ्याला आपण कधी पाहिलेलंच नसलं, तर हाताशी फक्त शब्द उरतात.

माझी वसतिगृहातली मैत्रीण लंडनला असते. लग्न तिकडेच झालं, इकडे ती नेहमी एकटीच यायची. मागच्या उन्हाळ्यात तिचा नवरा गेला. मी फोनवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं आणि लगेच पुसलं. ते चौकातल्या फलकावरचे शब्द. 'फार चांगला माणूस होता' हेही लिहवेना. मी त्याला भेटले नव्हते, हे तिला माहीत होतं.

मग तिचे जुने निरोप वाचत बसले. तो त्यात जागोजागी होता. रविवारी थालीपीठ लावायचा आणि एक बाजू हमखास करपवायचा. आमचं बोलणं लांबलं की मागून चहाची आठवण करायचा. तेच मी लिहिलं : 'मी त्याला भेटले नाही, याची चुटपुट आहे. पण तुझ्या बोलण्यातून तो मला माहीत होता. करपलेलं थालीपीठ आणि मागून येणारी चहाची हाक, दोन्ही आठवताहेत. उत्तर देऊ नकोस.'

त्याचा उल्लेख कसा करायचा, हाही प्रश्न होता. 'तुझे मिस्टर' परकं वाटलं, 'जिजाजी' उसनं. ती ज्या नावानं त्याच्याबद्दल बोलायची, तेच नाव मी लिहिलं.

'कसं झालं?' हे मुद्दाम विचारलं नाही. ते तिला दिवसभर सगळ्यांना सांगावं लागत होतं. 'काही लागलं तर सांग' हेही टाळलं, कारण मग मागायचं ओझं तिच्यावरच पडतं. त्याऐवजी कळवलं : 'रविवारी तुझ्या दुपारी साडेतीनला, माझ्या रात्री आठला फोन करते. वाटलं तर उचल, नाहीतर राहू दे.'

पहिले तीन रविवार तिनं फोन उचलला नाही. मी कारण विचारलं नाही, पण वेळ चुकवली नाही. तेरावा झाला, माणसं आपापल्या घरी परतली. पाचव्या रविवारी तिनं उचलला आणि म्हणाली, "मी तुला त्याच्याबद्दल काय काय सांगितलं होतं गं?"

मी तिचेच निरोप तिला वाचून दाखवले. थालीपीठापाशी तिनं मला थांबवलं. "एकदा दोन्ही बाजूंनी नीट झालं होतं," ती म्हणाली, "ते तुला सांगायचं राहिलंच."

आणि ती सांगू लागली.