शेवटच्या स्लाइडवर एकच मागणं

इन्स्टाग्रामवर बोटाने सरकवत वाचायच्या पोस्टला कॅरोसेल म्हणतात. २०१७ साली ही सोय आली तेव्हा त्यात दहा फोटो मावत, आता वीस मावतात. त्यातली शेवटची स्लाइड बहुतेक जण घाईत उरकतात आणि तिच्यावर एकच जुनी ओळ चिकटवतात: ‘आवडलं तर लाईक, कमेंट, शेअर, सेव्ह करा आणि फॉलो करायला विसरू नका.’ पाच कामं एकदम सांगितली की वाचणारा त्यातलं एकही करत नाही, पुढे निघून जातो.

समजा, चकलीच्या भाजणीवर सात स्लाइड केल्या आहेत. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, वर धणे-जिरे. हे प्रमाण वाचताना कोणी पातेलं चढवलेलं नसतं. ते लागणार दिवाळीच्या तोंडावर. म्हणून इथे सेव्हच मागावं आणि कारणासह मागावं: ‘भाजणी करायला घ्याल तेव्हा हे प्रमाण हाताशी हवं. आत्ताच सेव्ह करून ठेवा.’ सेव्हची खूण पोस्टखाली उजव्या बाजूला असते. छोटा बाण तिकडे वळवला की पुरे. फोटोखालच्या मजकुरातही हेच मागणं असू द्या, तिथे दुसरं नको. आणखी एक गोष्ट सहज निसटते. सेव्ह केलेल्या पोस्टचं फक्त पहिलं चित्र यादीत दिसतं. त्यावर ‘चकलीची भाजणी’ असं ठळक लिहिलेलं नसेल, तर दिवाळीत ती पोस्ट सापडायची कशी?

कमेंट हवी असेल तर मात्र पोस्टचा रोखच बदलावा लागतो. ‘तुमचं मत सांगा’ म्हटलं की माणूस विचारात पडतो आणि गप्प बसतो. ‘तुमच्या घरी भाजणीत पोहे घालतात की साबुदाणा?’ याचं उत्तर एका शब्दात देता येतं आणि ते द्यायला प्रत्येकाकडे घरचा अधिकार असतो. नुसतं ‘यस लिहा’ म्हणून कमेंट उकळणं मला पटत नाही. फेसबुकने २०१७ मध्येच अशा पोस्ट मागे ढकलायचं जाहीर केलं होतं.

मागणं लागू पडलं का, हे प्रोफेशनल खात्याच्या इनसाइट्समध्ये कळतं. तिथे सेव्हचा नुसता आकडा फसवतो. पोस्ट किती जणांपर्यंत पोचली, त्यातल्या शंभरांमागे किती जणांनी सेव्ह केली, हे काढा आणि आपल्याच आधीच्या तशाच पोस्टशी ताडून पाहा. शिवाय शेवटची स्लाइड दिसते ती तिथवर सरकवत आलेल्यांनाच; मधल्या स्लाइड कंटाळवाण्या असतील तर ती काही वाचवू शकत नाही.

पुढची पोस्ट करताना आधी ही शेवटची ओळ लिहा, मग बाकीच्या स्लाइड.