रेषेच्या आत राहा

बोअरच्या पाण्यात लोह किती आहे, हे यंत्र थेट सांगत नाही. त्या पाण्यात आधी हायड्रॉक्सिलअमाइन आणि मग फिनॅन्थ्रोलिन घातले की लोहामुळे केशरी रंग येतो. तो रंग ५१० नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषतो, एवढेच यंत्र मोजते. त्या आकड्यावरून लोह काढायचे, तर आधी माहीत असलेल्या द्रावणांची रेषा हवी.

समजा, लिटरला ०, १, २, ३ आणि ४ मिलिग्रॅम लोह असलेल्या द्रावणांचे शोषण ०.००४, ०.२०३, ०.३९९, ०.६०२ आणि ०.७९७ आले. बिंदूंपासूनच्या उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी ठेवणारी रेषा अशी:

शोषण = ०.१९८५ × लोह + ०.००४

शून्य लोहालाही ०.००४ येते, ते रसायनांचे. म्हणून रेषा ओढूनताणून शून्यातून नेऊ नये.

आता नमुन्याचे शोषण १.४८ आले. समीकरणातून उत्तर ७.४ मिलिग्रॅम येते, पण ते मानू नये. आपली रेषा ४ पर्यंतच तपासलेली आहे. त्यापुढे यंत्रातला भटका प्रकाश आलेख खाली वाकवतो, कधी फिनॅन्थ्रोलिनही अपुरे पडते. नमुना पाचपट पातळ करून पुन्हा रंग आणला, तेव्हा शोषण ०.३२२ आले. त्यातून ०.००४ वजा करून ०.१९८५ ने भागले की १.६ आणि पाचने गुणून ८.० मिलिग्रॅम. पहिले उत्तर कमी होते, आणि विरळ केल्याशिवाय ते कळलेच नसते.