दरवाढीचं पत्र

एक उदाहरण घेऊ. पुण्यातली एक फ्रीलान्स डिझायनर सांगलीकडच्या एका मसाला कारखान्याची पाकिटं 2021पासून डिझाइन करते. एका मसाल्याचे 4,000 रुपये, हा दर तेव्हा ठरला तो आजही तसाच आहे. तिला आता 5,500 हवेत.

अशी पत्रं बहुधा कारणांपाशीच फसतात. घरभाडं वाढलं, महागाई वाढली, हे खरंच असतं. पण मिरचीचा भाव मालकालाही चढाच पडलेला असतो. तो आपलं रडगाणं सांगतो आणि घासाघीस सुरू होते. म्हणून कारण कामातूनच द्यावं. पूर्वी एका मसाल्याचं 100 ग्रॅमचं एकच पाकीट असायचं आणि ते आठ तासांत व्हायचं. आता 50, 100 आणि 200 ग्रॅम अशी तीन पाकिटं लागतात, शिवाय ऑनलाइन विक्रीसाठी वेगळी चित्रं. त्याला बारा तास जातात. म्हणजे ताशी 500 रुपये मिळायचे, ते आज 333 वर आले आहेत. नव्या दरानेही 458च पडतील. हा हिशेब स्वतःपाशी ठेवावा. पत्रात तास लिहिले की मालक तेच मोजत बसतो.

पत्र एवढंच पुरे:

‘सप्रेम नमस्कार. 1 एप्रिलपासून घेतलेल्या नव्या कामांना एका मसाल्याचा दर 5,500 रुपये राहील. सध्याचा दर 4,000 आहे. 2021मध्ये एका मसाल्याचं एकच पाकीट होतं; आता तीन आकार आणि ऑनलाइनची चित्रं त्यात आली आहेत. 31 मार्चपर्यंत आपण कळवलेली सर्व कामं जुन्याच दराने पूर्ण करून देईन. काही विचारायचं असल्यास जरूर फोन करावा.’

यात ‘कृपया विचार व्हावा’ नाही, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या एका वाक्याने ठरलेला दर पुन्हा विनंती होऊन बसतो.

पत्र जानेवारीअखेर जावं. नव्या आर्थिक वर्षाचा खर्च मालक फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरवतो, त्यात हा आकडा बसला पाहिजे. ऐन दिवाळीच्या मालाची छपाई तोंडावर असताना दर वाढवला, तर त्याला ती अडवणूक वाटते, आणि तसं वाटणं रास्तच आहे. टीडीएस कापला जातो म्हणून दर वाढवला, असंही लिहू नये. ती रक्कम विवरणपत्र भरताना आपल्याच करात वळती होते, हे त्याच्या हिशेबनिसाला पक्कं ठाऊक असतं.

‘एवढं परवडत नाही’ असं उत्तर आलं, तर दर न उतरवता काम कमी करावं: ऑनलाइनची चित्रं वगळून 4,800. काय सोडायचं, ते मग मालक ठरवतो. उत्तरच आलं नाही, तर मार्चच्या मध्याला फोन करावा आणि एप्रिलच्या पहिल्या कामाआधी नव्या दराचं कोटेशन पाठवून होकार लेखी घ्यावा. नुसत्या बिलातून नवा आकडा कळला, तर ते बिल हमखास अडकतं.