दहा मिनिटांची देवपूजा: व्हिडिओत दिसतं ते आणि राहून जातं ते

सकाळी आठची लोकल गाठणाऱ्या घरांसाठी ‘दहा मिनिटांत देवपूजा’ दाखवणारे छोटे व्हिडिओ उपयोगी आहेत. मात्र ते पाहून काही समजुती पक्क्या होतात. त्या एकेक तपासून पाहू.

गैरसमज : सोळा उपचार झाले नाहीत तर पूजा अपुरी.

वस्तुस्थिती : आवाहनापासून मंत्रपुष्पापर्यंतची षोडशोपचार पूजा हा विस्तार आहे. गंध, फूल, धूप, दीप आणि नैवेद्य ही पंचोपचार पूजाही परंपरेने मान्य केलेलीच आहे. दहा मिनिटांत बसते ती हीच, सुरुवातीला देवांचं स्नान धरून. पुरुषसूक्ताच्या सोळा ऋचा सोळा उपचारांना जोडलेल्या असतात, पण त्या पाठ नसल्या तर ‘श्री गणेशाय नमः’सारख्या नाममंत्रानेही प्रत्येक उपचार करता येतो. व्हिडिओतल्या मंत्रांच्या वेगाशी हाताने शर्यत लावण्याचं कारण नाही.

गैरसमज : व्हिडिओ दहा मिनिटांचा, म्हणजे कामही दहा मिनिटांचं.

वस्तुस्थिती : सहाणेवर चंदन उगाळणं, वाती वळणं, फुलं निवडणं हा भाग बहुतेक वेळा कापलेला असतो. गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, कुलदेवीचा टाक, शंकराची पिंडी आणि दोन तसबिरी असलेला देव्हारा घ्या. रात्रीच फुलवाती तुपात भिजवून ठेवल्या, फुलं-दूर्वा धुऊन डब्यात भरल्या आणि ताम्हण, पळी, वस्त्र जागेवर ठेवलं, तर सकाळचा हिशोब साधारण असा बसतो. समई लावून कालचं निर्माल्य काढायला एक मिनिट. मूर्ती ताम्हणात घेऊन पळीने पाणी घालून कोरड्या वस्त्राने पुसायला तीन. गंध, अक्षता, हळद-कुंकू, फुलं वाहायला तीन. उदबत्ती, नीरांजन आणि दूध-साखरेचा नैवेद्य यांना दोन. आरती-नमस्काराला एक. चंदन उगाळायचं असेल तर वेळ वाढतो. तेवढी सवड नसेल त्या दिवशी पाण्यात कालवलेलं अष्टगंध चालतं. देव वाढले तर पहिल्यांदा लांबते ती स्नानाची पायरी.

गैरसमज : रोज पंचामृत आणि रोज घासूनपुसून लखलखीत देव.

वस्तुस्थिती : रोजच्या पूजेला साधं पाणी पुरतं. पंचामृतातल्या दुधा-तुपाचा चिकट थर मूर्तीच्या खाचांत बसतो आणि दह्याच्या आंबटपणाने पितळ काळवंडतं. खाचेत हिरवट डाग दिसू लागला की समजावं, पंचामृत नीट धुतलं जात नाही किंवा मूर्ती ओलीच देव्हाऱ्यात जाते. पंचामृत सणावारी ठेवावं आणि त्यानंतर कोमट पाण्याने धुऊन पुसावं. टाक तर पातळ चांदीच्या पत्र्यावर ठसे उमटवून केलेला असतो. रोज पावडरीने घासला तर देवीचा चेहराच झिजतो. तसबिरींना स्नान नाही. फूल पाण्यात बुडवून समोर शिंपडल्यासारखं करायचं आणि काच कोरड्या फडक्याने पुसायची.

गैरसमज : पडद्यावर जो हात दिसतो, तोच वापरायचा.

वस्तुस्थिती : मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेलं चित्र पुष्कळदा आरशासारखं उलटं साठवलं जातं. मग डाव्या हातातली घंटा उजव्या हातात दिसते आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ओवाळलेलं नीरांजन उलटं फिरताना दिसतं. मागे कॅलेंडर किंवा उदबत्तीचा पुडा असेल तर त्यावरची अक्षरं पाहा. ती उलटी असतील तर सगळं चित्रच उलटं आहे. लक्षात ठेवायचं ते इतकंच : गंध, फूल, नीरांजन उजव्या हाताने, घंटा डाव्या.

गैरसमज : लावलेला दिवा तेवत ठेवूनच कामावर जायचं.

वस्तुस्थिती : अखंड दिवा हे नवरात्रासारख्या वेळचं, घरात माणूस असताना सांभाळायचं व्रत आहे. लाकडी देव्हारा, वर कापडी तोरण आणि बंद फ्लॅट असताना ते धोक्याचं आहे. नीरांजनातली फुलवात तूप संपलं की आपोआप विझते. समईची वात निघण्यापूर्वी काडीने तेलात ओढून शांत करावी. फुंकर घालत नाहीत.

गैरसमज : हीच पद्धत गणेश चतुर्थीलाही चालेल.

वस्तुस्थिती : देव्हाऱ्यातल्या देवांची पूजा रोज चालू असते, म्हणून आटोपशीर पूजा पुरते. चतुर्थीला आणलेल्या मातीच्या मूर्तीची आधी प्राणप्रतिष्ठा करावी लागते आणि विसर्जनापूर्वी उत्तरपूजा. पत्री वाहण्यालाच रोजच्या साऱ्या पूजेइतका वेळ जातो. त्या दिवशी हा व्हिडिओ बाजूला ठेवून पूजेची पोथी काढावी किंवा गुरुजींची वेळ आधीच ठरवून घ्यावी.