गाव करी तो घोळ राव न करी

काळी चौकट, आत देखणं छायाचित्र, खाली मोठ्या अक्षरांत एकच शब्द आणि त्याखाली उपदेशाची एक ओळ. अमेरिकेतल्या कचेऱ्यांच्या भिंतींवर अशी प्रेरणादायी पोस्टरं सर्रास लागायची. 1998 मध्ये टेक्सासमधल्या ‘डिस्पेअर’ या कंपनीने तीच चौकट उचलली आणि उपदेश उलटा केला. या पोस्टरांना त्यांनी नाव दिलं ‘डिमोटिव्हेटर्स’.

त्यांचं ‘महत्त्वाकांक्षा’ हे पोस्टर पाहा. हजार मैलांचा प्रवास पहिल्या पावलाने सुरू होतो, ही म्हण जगभर माहीत आहे. पोस्टर सांगतं की असा प्रवास कधी कधी फार वाईट रीतीने संपतो. वरच्या चित्रात प्रवाहाविरुद्ध उडी घेणारा सामन मासा थेट अस्वलाच्या जबड्यात निघालेला असतो. छायाचित्र मात्र कॅलेंडरवर शोभावं इतकं सुंदर. चित्र आणि शीर्षक गंभीरच राहतात. वाकडी होते ती फक्त ओळ. चित्रही विनोदी असतं, तर ओळ वाचण्याआधीच गुपित फुटलं असतं.

असं पोस्टर मराठीत करून पाहू. म्हण घेऊ, ‘गाव करी ते राव न करी’. पहिल्या प्रयत्नात सरळ उलटं लिहिलं : ‘राव करी ते गाव न करी’. अर्थ उलटला, पण हसू येत नाही, कारण हे नुसतं दुसरं मत झालं. मग अनुभव आठवायचा. सोसायटीच्या फाटकाचा रंग एक माणूस दहा मिनिटांत ठरवतो. चाळीस जण बसले की तीन बैठका होतात आणि शेवटी रंग कुंपणाला लागतो. गावाची ताकद खरीच असते, फक्त ती गोंधळ घालण्यातही तेवढीच दिसते. म्हणून, ‘गाव करी तो घोळ राव न करी’. लय तीच, बदल जेमतेम एका शब्दाचा. शीर्षक ‘बैठक’. चित्रात लांबलचक टेबल, भोवती गंभीर चेहरे.

ओळ जमली की नाही, हे ती मोठ्याने वाचून कळतं. ऐकणाऱ्याला मूळ म्हण आपोआप आठवायला हवी. ती समजावून सांगावी लागली, तर म्हण पुरेशी ओळखीची नाही किंवा आपण शब्द फार बदलले आहेत.

चित्र निवडताना आणखी एक काळजी घ्यावी. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ उलटवायला भेगाळलेल्या तळ्याचा फोटो सुचेल. पण महाराष्ट्रात तो पाहताच दुष्काळातली माणसं डोळ्यांपुढे येतात आणि हसू विरतं. टोला म्हणीच्या फुशारकीला बसायला हवा, सोसणाऱ्याला नव्हे.