किमान किती बचत हवी?

सोसायटीचा जुना पाण्याचा पंप बदलावा का, हा प्रश्न मी उलट्या बाजूने सोडवतो. बचत किती होईल हे विक्रेत्याला विचारण्याआधी, ती किती व्हायलाच हवी हे काढतो.

समजा, नव्या पंपाला १,००,००० रुपये लागतात, तो १० वर्षे चालेल आणि पैशावर वार्षिक १० टक्के परतावा हवा आहे. लाखाला दहाने भागून १०,००० म्हणणे चूक ठरते. पहिल्या वर्षाअखेर वाचणाऱ्या रुपयाचे आजचे मोल ९१ पैसे असते, दहाव्या वर्षीच्या रुपयाचे जेमतेम ३९ पैसे. दहाही वर्षांची अशी मोले मिळवली की ६.१४५ रुपये होतात. लाखाला या आकड्याने भागले की उत्तर मिळते : वर्षाला सुमारे १६,२७५ रुपये.

वीज १० रुपये युनिट धरली, तर रोज साधारण साडेचार युनिट वाचायला हवेत. पंप रोज तीन तास चालत असेल, तर त्याचा भार दीड किलोवॅटने उतरला पाहिजे. जुना पंपच दोन किलोवॅट घेत असेल, तर तेवढेच पाणी अर्ध्या किलोवॅटवर चढणे जवळजवळ अशक्य. हिशेब तिथेच संपतो.

पंप पाचच वर्षे टिकला, तर मात्र हीच किमान बचत २६,३८० रुपयांवर जाते. म्हणून दराच्याही आधी आयुष्याची खात्री करावी.