एक पौंडाची यांकी, अकरा पौंडांची पावती

ब्रिटनमधल्या बुकीच्या दुकानात शनिवारी कुणी ‘एक पौंडाची यांकी’ मागितली, तर त्याला अकरा पौंड मोजावे लागतात. नवखा माणूस इथेच गोंधळतो. यांकीत चार शर्यतींतले चार घोडे निवडायचे असतात. त्यांच्यापासून सहा जोड्या, चार तिकड्या आणि एक चौकडी तयार होते. या अकराही स्वतंत्र पैजा आहेत आणि सांगितलेला पौंड प्रत्येकीवर लागतो.

अ‍ॅक्युम्युलेटर म्हणजे यातली नुसती चौकडी. पहिल्या घोड्याने मिळवून दिलेली सगळी रक्कम दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर आणि चौथ्यावर लागते. एक जरी हरला तरी हाती काही नाही.

समजा, चारही घोड्यांचा भाव दोनास एक आहे. म्हणजे पौंड लावला तर मुद्दल धरून तीन परत मिळतात. जिंकलेल्या जोडीचे नऊ, तिकडीचे सत्तावीस आणि चौकडीचे 81 पौंड होतात. आता तेच अकरा पौंड दोन्हीकडे लावून पाहू. चारही घोडे जिंकले तर अ‍ॅक्युम्युलेटर 891 पौंड देतो, यांकी फक्त 243. तीन जिंकले तर अ‍ॅक्युम्युलेटर शून्यावर येतो. यांकीत मात्र तीन जोड्या आणि एक तिकडी मिळून 54 पौंड येतात. दोन जिंकले तर एकच जोडी लागते. अकरा घालून नऊ परत! अर्धे घोडे जिंकूनही तोटाच.

या भावाला साजेशी, म्हणजे तीनात एक, अशी प्रत्येक घोड्याच्या जिंकण्याची शक्यता धरली, तर अशा 81 शनिवारांचा हिशेब सरासरीने मांडता येतो. चारही घोडे एकदा जिंकतील, तीन आठ वेळा, दोन चोवीस वेळा. उरलेल्या 48 वेळा यांकीतही काहीच मिळणार नाही. फायदा झाला तो 81 पैकी नऊ वेळा. या सगळ्याची बेरीज, 243 अधिक 432 अधिक 216, बरोबर 891 होते. अ‍ॅक्युम्युलेटर जे एका दिवशी देतो, तेच यांकी तेहतीस दिवसांत वाटून देते. त्यामुळे ‘यांकी सुरक्षित’ हे बोलणे मला अर्धवट वाटते. चढउतार कमी होतात, पदरात जास्त पडत नाही.

प्रत्यक्षात बुकी भाव थोडा कमीच देतो. समजा, एकेरी पैजेत शंभरामागे सरासरी पंचाण्णव परत येतात. ही कपात प्रत्येक घोड्यागणिक गुणली जाते, म्हणून चौकडीत सुमारे 81 उरतात आणि यांकीत सुमारे 88, कारण तिच्यात जोड्या अधिक आहेत. चारही घोड्यांवर सुटे पैसे लावणाऱ्याचे पंचाण्णव कायम राहतात. पण त्याला 891 पौंडांचे स्वप्न पाहता येत नाही, आणि पुष्कळ लोक पैसे मोजतात ते त्या स्वप्नाचेच.